दोन पानांत बसवलेलं हृदय

निजामाच्या राज्यात नांदेडच्या फौकानियात, म्हणजे आमच्या हायस्कुलात, सगळे विषय उर्दूतून शिकवत. घरी मराठी, वर्गात उर्दू, आणि माझ्या डोक्यात दोन्हींची खिचडी. तरी वर्गात माझं उर्दू बरं होतं आणि त्याची मला भलतीच घमेंड होती.

बोर्डिंगात माझ्या खोलीत देगलूरकडचा एक मुलगा होता. मुदतीच्या तापानं त्याची महिनाभर शाळा बुडाली. परीक्षा पंधरा दिवसांवर आली, आणि नापास होणाऱ्याची बोर्डिंगातली फुकटची जागा जायची. जागा गेली की त्याचं शिक्षणच संपणार होतं. बाकीचं कसंबसं झालं, पण शरीरशास्त्रातला हृदयाचा धडा बावीस पानांचा होता आणि मास्तरांचा त्या धड्यावर फार जीव होता.

"दोन पानांत बसवून देतो," मी म्हणालो.

"बसंल का?" त्यानं विचारलं.

"बसतंय की. बघ तू."

मी कामाला लागलो. आधी धडा पूर्ण वाचला. मग एकेका परिच्छेदाची एकेक ओळ केली, मराठीत, पण परीक्षेत लागणारे उर्दू शब्द तसेच ठेवून. पाल्हाळ कापला. मास्तरांनी चाचणीत विचारलेले आणि शिकवताना टेबलावर बोट आपटून सांगितलेले प्रश्न खाली मांडले. सगळ्यात वर घातला तो नावं दाखवलेली आकृती काढून रक्ताचा प्रवास लिहिण्याचा.

आकृतीपाशी मात्र माझी गाडी अडली. पुस्तकात हृदयाचे उजवे कप्पे पानाच्या डाव्या अंगाला होते आणि डावे उजवीकडे. मी छातीवर हात ठेवून पाहिलं, पुस्तक फिरवून पाहिलं. काही केल्या उमजेना. शेवटी मीच शोध लावला: पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं, तेव्हा छापणाऱ्यानं इंग्रजी पुस्तकातली नावं लावताना घोळ केला असणार. मी आकृती तशीच ठेवली आणि कप्प्यांच्या नावांची अदलाबदल केली.

आता मुद्दे आणि आकृती जुळेनात. मुद्दा म्हणे, अंगभर फिरून आलेलं अशुद्ध रक्त उजव्या कप्प्यांतून फुप्फुसाकडे जातं. माझ्या आकृतीत ते डाव्यांतून चाललेलं. मी गोंधळलो, चिडलो, आणि मुद्द्यांमधलंही उजवं-डावं बदलून टाकलं. पानं एकमेकांशी जुळली. मला इतकं हायसं वाटलं की पुस्तक मी पुन्हा उघडलंच नाही.

तो रोज सकाळी मोठ्यानं पाठ करी. एकदा मधेच थांबला.

"पुस्तकात वाचलं व्हतं, डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड हाय, साऱ्या अंगाला रक्त ढकलती म्हणून. तुझ्या पानांत तर डावा कप्पा जवळच्या फुप्फुसालाच देऊन राहिलाय. मग जाड कशाला?"

ती ओळ मीच पाल्हाळ म्हणून कापली होती. "लई अक्कल चालवू नको," मी डाफरलो, "पाठ कर."

त्यानं पाठ केलं.

परीक्षेत तोच प्रश्न आला. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं आणि हसला. मी आकृती काढायला घेतली तेवढ्यात पहाऱ्यावरचे मास्तर आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचं मनगटी घड्याळ डाव्या हाताला होतं, आणि मला ते उजवीकडे दिसत होतं. आकृतीतलं हृदय समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं होतं! पुस्तक बरोबर होतं. जाड भिंतही बरोबर होती.

मी खोडलं आणि बरोबर लिहिलं. दोन बाक पुढं तो मान वर न करता भराभरा लिहीत होता. मला ओरडावंसं वाटलं, पण मास्तर समोरच उभे होते.

बाहेर आल्यावर त्यानं माझा हात धरला. "तू दिलंस तस्संच लिवलंय. काई बदललं न्हाई. तू?"

"मी पण," मी म्हणालो.

का म्हणालो, आजही कळत नाही.

निकालात तो त्याच पर्च्यात, म्हणजे पेपरात, थोडक्यासाठी नापास झाला आणि बोर्डिंगातली जागा गेली. घरी जायला पेटी भरताना त्याला वाटत होतं की उर्दू लिहिण्यातच कुठं चुकलं असेल. माझी दोन पानं त्यानं घडी घालून कपड्यांमध्ये जपून ठेवली.

"धाकटा भाऊ पुढल्या साली या वर्गात येतोय," तो म्हणाला. "त्याला व्हतील."

मी पेटीचं झाकण दाबून धरलं आणि त्यानं कडी लावली.