जी.टी. रोडलगतचे बिंदू

संपदाला गुडगावच्या नव्या कंपनीत घेतलं ते श्रीरंगकाकांनी. काका तिच्या बाबांचे पहाडगंजच्या मराठी शाळेपासूनचे दोस्त. "माझ्यासमोर वाढलेली पोरगी आहे. तुम्ही निश्चिंत राहा, वहिनी," असं ते म्हणाले, आणि मुलीच्या बाबतीत मी पहिल्यांदाच निश्चिंत झाले.

काम पानिपतकडच्या गव्हाचं. उपग्रहाच्या चित्रावरून गव्हाखालची जमीन ठरवायची आणि ते खरं आहे का, हे शेतात जाऊन पाहायचं. सगळी शेतं कुठे पाहणार? म्हणून संपदाने शेतजमिनीचे तीन भाग केले: कालव्याची, कूपनलिकेची आणि खारवट. मोठ्या भागाला पाहणीचे जास्त बिंदू. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे संगणकाने प्रत्येक भागात ते कुठेही पाडले.

"यात माझी मर्जी चालत नाही, आई," ती जेवताना सांगायची. "मालकाने शेतात येऊच दिलं नाही, तर त्याच भागातला पुढचा राखीव बिंदू. सरकवायचा बिल्कुल नाही."

बिंदू काकांच्या हाती देऊन ती पुढच्या कामाला लागली. शेतावर काकांची माणसं गेली.

अहवालाच्या बैठकीत सरकारी खात्याच्या मॅडमनी नकाशा पाहिला. "ये क्या? सारे पॉइंट जी.टी. रोड से चिपके हैं?"

"संपदा ने निकाले हैं, मॅडम," काका म्हणाले. "नई है अभी."

संपदाने त्यांच्याकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

"मॅडम, थोडा टाइम दीजिए," ती म्हणाली. पहिल्या वेळी संगणकाला दिलेला सुरुवातीचा आकडा तिने पुन्हा दिला. तोच आकडा दिला की तेच बिंदू येतात. पडद्यावर ते सगळीकडे विखुरले; खारवटीतले तर रस्त्यापासून पार आत.

बाहेर व्हरांड्यात काका म्हणाले, "आत जीप जात नव्हती गं, म्हणून बिंदू रस्त्याकडे घेतले. प्रत्येक भागात संख्या तेवढीच ठेवली ना मी?"

"संख्या ठेवलीत. पण आतल्या खारवटीत गहू धरलाच नसेल, तर ते कुणी पाहिलंच नाही. रस्त्याकडेचा हिरवागार गहू पाहून आपण म्हटलं, नकाशा बरोबर."

"अच्छा, झालं ते झालं."

"आणि माझं नाव का घेतलंत?"

"तू लहान आहेस, यार. तुझं विसरतील लोक. माझं या वयात कोण विसरणार?"

मूळ बिंदूंवर पुन्हा पाहणी करायचं मॅडमनी ठरवलं. या वेळी माणसांबरोबर संपदा जाणार आहे. कंपनीत तिला पुढे कोण ठेवेल, हा घोर मला आहेच. पण तिने माझ्याजवळ काढला तो विषय वेगळाच.

"मॅडम ओरडल्या असत्या तर चाललं असतं, आई. पण 'संपदा ने निकाले हैं' म्हणताना काकांचा आवाजसुद्धा अडखळला नाही."

काल काका नेहमीसारखे घरी आले. संपदाने दार उघडलं, बाजूला झाली आणि म्हणाली, "या, सर."

ते दारातच थांबले. मीही त्यांना बसा म्हटलं नाही.