तिसरा धोटा कोण टाकतं?

रेडिओवर माझं भाषण झालं तेव्हा आमच्या घरी रेडिओ नव्हता. ग्रामपंचायतीचा एक संच चाकणच्या चावडीवर असायचा आणि तिथं बायांनी थांबून ऐकायची पद्धत नव्हती. त्यामुळे स्वतः रेडिओवर बोलायच्या आधी मी रेडिओ नीटसा ऐकलासुद्धा नव्हता. ही गोष्ट पुढं मी कितीतरी जणींना हसत हसत सांगितली आहे, पण त्या दिवसांत मला हसू कुठलं येतंय.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो, गावातल्या विणकरांच्या संस्थेचे अध्यक्ष होते. पुण्याच्या रेडिओ केंद्रावरून संस्थेला विचारणा आली : हातमाग कसा चालतो, आणि गिरण्यांचं एवढं कापड बाजारात असताना तो अजून टिकलाय कसा, हे शहरातल्या श्रोत्यांना कुणीतरी समजावून सांगावं. मामंजींना दम्यामुळे चार वाक्यं सलग बोलवत नव्हती. मी सातवी पास झालेली, संस्थेचा पत्रव्यवहार मीच बघायची. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "सूनबाईच बोलंल की. बोलायला कुठं कमी हाय ती?" सगळे हसले, आणि ठरलं.

हातमाग टिकलाय कसा, हे मी जगाला सांगणार होते, आणि आमच्या घरातला माग बंद पडला होता.

झालं होतं असं. आमच्या मागावर काठाची लुगडी निघायची. अंग एका रंगाचं, काठ दुसऱ्या रंगाचे. असं लुगडं विणायला तीन धोटे लागतात. आडव्या धाग्याची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. मधल्या अंगाचा एक, आणि दोन्ही काठांचा एकेक. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर पायांनी पावड्या दाबतो, अंगाचा धोटा टाकतो, जवळच्या काठाचाही टाकतो. पलीकडच्या काठाचा तिसरा धोटा टाकायला बाजूला दुसरं माणूस लागतं. आमच्याकडे ते माणूस म्हणजे माझा दीर. पिंपरीकडे नवे कारखाने उभे राहत होते. दिराला तिथं काम लागलं, आणि तो गेला. बाकीच्या घरांत बापलेक होते, भाऊभाऊ होते, पण ते आपापल्या मागाला बांधलेले. साधं पांढरं कापड एकट्यानं विणता येतं. पण तिथं गाठ थेट गिरणीशी, म्हणून आमच्या संस्थेनं ते कधीच सोडून दिलं होतं.

दिरानं मग भावालाही निरोप धाडला. कंपनीत जागा हाय, पुढच्या महिन्यापासून या. माझे यजमान हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत, तो त्यांचा स्वभावच. मामंजींनी मात्र सांगून टाकलं, "ताणा कापून टाकू. माग काढू. उगं धूळ खात ठिवायचा कशाला?"

ताणा म्हणजे मागावर चढवलेले उभे धागे. तो कापायचा हे ऐकून माझ्या अंगाची आग झाली. कारण त्यातला एकेक धागा माझ्या बोटांखालून गेला होता. पहाटे गल्लीत ताणा ताणून, त्याला खळ पाजून, कुंच्यानं धागे मोकळे करून वाळवायचं काम आम्हा बायांचंच. कांड्या भरायच्या त्याही आम्हीच. आणि जुना ताणा संपत आला की त्याची शेवटची टोकं, उभे धागे जिच्या दातांतून ओवलेले असतात त्या फणीतून कधी काढायची नाहीत. बोटांना राख लावून नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला पीळ देऊन जोडायचा, आणि सगळं हळूच पुढं ओढून घ्यायचं. याला सांधणी म्हणतात. सांधणीमुळे फणीत धागे पुन्हा पहिल्यापासून भरावे लागत नाहीत. माग चालू ठेवायचा म्हणजे एवढंच करायचं असतं, जुन्याला नवं जोडत राहायचं. ताणा कापून फणी मोकळी केली की समजायचं, या घरानं विणणं सोडलं.

मी मामंजींना म्हटलं, "तिसरा धोटा मी टाकते."

ते म्हणाले, "आमच्यात बाया मागावर बसत न्हाईत."

"का बसत नाहीत?"

"बसत न्हाईत म्हंजी न्हाईत. लोक म्हणतील, पोरगं गेलं, आता सून जुंपली."

मी यजमानांकडं पाहिलं. ते छपराकडं पाहत होते. मला एवढा राग आला की त्या दिवशी भाकरी मी थापल्या नाहीत, बडवल्या.

भाषणाचा मजकूर आधी केंद्रावर दाखवावा लागे. तिथं एक बाई अधिकारी होत्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, बोलायला गोड आणि हातातली पेन्सिल मात्र जहाल. माझा मजकूर वाचून म्हणाल्या, "माहिती छान आहे. पण शेवटी थोडी हुरहूर हवी. एक सुंदर कला अस्ताला चालली आहे, असं काहीतरी. श्रोत्यांना हळहळ वाटेल."

मी म्हटलं, "हळहळून कुणी लुगडं विकत घेत नाही, बाई."

त्या खळखळून हसल्या. अस्ताचा विषय सोडून दिला. पण त्यांनी मला एक फार मोलाची गोष्ट सांगितली. म्हणाल्या, "ऐकणाऱ्यांना तुमचा माग दिसत नाही. पण त्यांच्या अंगावर कापड आहेच ना? तिथून सुरुवात करा." मी घरून घोकून आणलेली सुरुवात तिथल्या तिथं खोडली. मग पेन्सिल एका ओळीवर थांबली. "हे तिसरा धोटा टाकणारं 'घरातलं दुसरं माणूस', तुमच्याकडे कोण?"

"आहे घरातलंच," एवढं म्हणून मी वेळ मारून नेली. परतीच्या एसटीत मात्र तोच प्रश्न डोक्यात फिरत राहिला.

भाषणाच्या दिवशी यजमान माझ्याबरोबर आले होते. दुपारचा महिलांचा कार्यक्रम होता. त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, तिथं आतलं बोलणं ऐकू येत असे. मला एका बंद खोलीत नेलं. भिंतींना जाड आच्छादन, त्यामुळे आवाज सगळा गिळल्यासारखा. समोर काचेपलीकडं त्या अधिकारी बाई. लाल दिवा लागला.

मी म्हणाले, "बायांनो, तुमच्या साडीचा काठ हातात घ्या आणि उजेडात धरा. काठाचा रंग अंगाच्या रंगानं मळलेला दिसतो का? दिसत असेल, तर उभे धागे काठाच्या रंगाचे आहेत, पण आडवा धागा अंगाचाच सरळ काठातून गेला आहे. एकाच धोट्यानं विणलं की असंच होणार. आणि काठ जर आरपार एकाच रंगाचा असेल, उलटा-सुलटा सारखाच, तर तिथं काठाला स्वतःचा धोटा होता. अंगाचा धागा काठापर्यंत आला, काठाच्या धाग्यात अडकला आणि मागं फिरला. दर ओळीला, दोन्ही बाजूंना, ही अडकवण माणसाच्या हातानं झालेली आहे."

मग मी ताणा, खळ, सांधणी सांगितली. गिरणीला एकाच तऱ्हेचं कापड ताग्यांवर तागे काढावं लागतं तेव्हा परवडतं, आणि आम्ही एका ताण्यात मोजकी लुगडी काढून पुढच्याला काठ बदलतो, तेही सांगितलं. खेडच्या बाजारातली बाई येऊन म्हणते, मला आईच्या लुगड्यासारखाच काठ पाहिजे. तिला तो गिरणी देत नाही, आम्ही देतो. म्हणून हातमाग टिकतो. कुणाच्या दयेवर नाही.

कागदावर पुढं होतं, "तिसरा धोटा घरातलं दुसरं माणूस टाकतं." मी ती ओळ पाहिली. माझ्या जिभेवर ती येईना. मी म्हणाले, "आमच्या घरी तिसरा धोटा माझे दीर टाकत होते. ते कारखान्यात गेले. कुणी जातं, त्यात गैर काही नाही. आता तो धोटा मी टाकते."

काचेपलीकडं पेन्सिल कागदावर थबकली. मी उरलेल्या चार ओळी नीट वाचून संपवल्या. बऱ्याच दिवसांनी मला स्वतःचा आवाज आवडला होता.

बाहेर आले तर अधिकारी बाई म्हणाल्या, "लिहिलं नव्हतं ते बोललात. पुन्हा असं करू नका." आणि दार लावता लावता म्हणाल्या, "काठ मात्र मी पाहिला हं माझा. मळका निघाला."

यजमान एसटीत खिडकीशी बसले. मोशी गेल्यावर म्हणाले, "चावडीवर आबा ऐकत असतील." मामंजींना ते आबा म्हणायचे.

"असू देत."

"तुला येतो का धोटा टाकाया?"

"नाही येत. तुम्ही शिकवा."

ते पुन्हा बाहेर बघू लागले. मी मनाशी पक्कं केलं, की नाही शिकवला तरी मी बसणार. फार तर घरात रोज भांडण होईल.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली नव्हती. मामंजी मागाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. धापेमुळं त्यांचे खांदे वरखाली होत होते. मी पाया पडले. मग सरळ आत जाऊन बाजूच्या फळीवर, दिराच्या जागी, बसले. यजमान क्षणभर दारात उभे राहिले, मग खड्ड्यात उतरले. त्यांनी पावडी दाबली, ताण्याचे निम्मे धागे वर उचलले गेले, त्यांचे दोन्ही धोटे गेले, आणि मी माझा टाकला.

ओळ ठोकून बसवली तर काठ आणि अंग यांच्यामध्ये बारीकशी फट. मी धागा अडकवलाच नव्हता.

मामंजी भिंतीला धरत उठून मागाजवळ आले आणि फटीवर बोट ठेवलं. म्हणाले, "साऱ्या पुण्याला सांगून आलीस नव्हं? मग हे असलं चालायचं न्हाई. उसव."

मी उसवलं. ते तिथंच उभे राहिले.

"हां. आता पयला त्याचा अंगाचा धागा धर, मग टाक."