बाळंतिणीच्या खिडकीचा छज्जा

मला तेव्हा नुकती ओव्हरसियरची नोकरी लागली होती आणि अंगात शहाणपणा नुसता ओसंडून वाहत होता. निजामाचं राज्य जाऊन, विलीनीकरण होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी तालुक्याच्या कचेरीत जुने लोक अजून अर्ध्या उर्दूत बोलायचे. माझ्याकडं पहिलंच स्वतंत्र काम आलं ते नळदुर्गाच्या सडकेपासून आत असलेल्या एका गावात दोन खोल्यांचं बाळंतपणाचं केंद्र बांधायचं. नकाशा वरून आला होता, पण छज्जे किती पुढं काढायचे ते जागेवर ठरवा, असा शेरा होता. म्हणजे माझ्या हाती कोलीतच की!

बाळंतिणीच्या खोलीची मोठी खिडकी बरोबर दक्षिणेला होती. छज्ज्याच्या खालच्या कडेपासून खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत चार फूट उंच. आमचा हिशेब साधा असतो. भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती अंश वर आहे ते काढायचं, त्या कोनाच्या टॅननं खिडकीच्या उंचीला भागायचं, येईल तेवढा छज्जा पुढं काढला की ऊन खिडकीच्या आत येत नाही. सूर्य जितका खाली, तितका छज्जा लांब लागतो. आमच्याकडं दुपारचा सूर्य सगळ्यात खाली असतो तो पौषाच्या सुमारास, साडेअठ्ठेचाळीस अंशांवर. मी म्हटलं, हाच धरू. याला अडवलं की वर्षभर उन्हाची काय बिशाद! उत्तर आलं साडेतीन फूट. कागदावर लाल शाईनं अधोरेखित करून ठेवलं, आणि कुणी विचारलं नाही तरी दोघातिघांना दाखवलं.

मिस्त्री म्हातारा होता, किल्ल्याच्या डागडुजीत हात घडलेला माणूस. त्यानं आकडा ऐकला, ओळंबा गुंडाळला आणि एवढंच म्हणाला की साहेब, खोलीत दिवा लावावा लागंल. मी त्याला गप्प बसवलं. आज आठवलं की माझंच मला हसू येतं, आणि रागही येतो.

भिंती खिडकीच्या माथ्यापर्यंत आल्या आणि छज्ज्याची सेंट्रिंग, म्हणजे लाकडी साचा, बांधायची वेळ आली. त्याच सकाळी नर्सबाई आल्या. पन्नाशीच्या, तुळजापूरकडच्या, पांढरं पातळ गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं. चार कोसांवरच्या बाळंतपणाहून थेट चालत आल्या होत्या. पंचक्रोशीत निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. त्यांनी नकाशा मागितला नाही. मिस्त्रीनं त्यांना आधीच सगळं सांगितलं असणार, कारण त्या सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, तुमी ऊन अडवायलाव, व्हय?" त्या म्हणाल्या. "थंडीत मला ऊन पायजे. आता बाळंतपणं करते त्या भाड्याच्या खोलीत मागच्या हिवाळ्यात दोन लेकरं गारठून गेली माझी. दगडी खोली, ऊन न्हाय, धुरानं शेकोटी पेटवता येत न्हाय. ह्या खिडकीवर आस लावून बसले मी."

'माझी' असं त्या म्हणाल्या. दुसऱ्यांची लेकरं, पण माझी. तरी अंगातली खुमखुमी कुठं जाणार? मी म्हटलं, बाई, उन्हाळ्यात ह्याच खोलीत बाळंतीण भाजून निघेल, तेव्हा मला शिव्या द्याल. त्या म्हणाल्या, ते खरं हाय, उन्हाळ्यातही ऊन नको. मग म्हणाल्या, तुमी शिकलेले, तुमी बगा. भांडायला आलेल्या बाईनं माझं म्हणणं एका दमात कबूल केलं. मला तर तेही जमलं नसतं.

मिस्त्रीनं तोवर दोन वासे खिडकीच्या माथ्यावर बाहेर काढून त्यांवर सेंट्रिंगची रुंद फळी ठेवली होती. बाईंनी गड्याकडून एक बाज आणवली, खिडकीला लागून आत टाकली आणि तिच्यावर धुतलेलं लुगडं अंथरलं. मार्गशीर्ष संपत आला होता, म्हणजे सूर्य जवळजवळ माझ्या हिशेबातलाच. दुपार भरली तशी मिस्त्रीनं फळीची कड माझ्या साडेतीन फुटांवर आणली. बाजेवरचं ऊन पार गेलं. माझा हिशेब अगदी बरोबर होता, आणि त्याच क्षणी मला तो नकोसा झाला.

मग त्यानं फळी हळूहळू आत सरकवायला सुरुवात केली. लुगड्याच्या कडेला उजेडाची चिरी आली, बोटभर, मग वीतभर. बाई म्हणाल्या, अजून घ्या, अजून घ्या. फळी पार भिंतीला टेकेल असं दिसल्यावर मी ओरडलो की थांबा, उन्हाळ्याचं काय ते बघू द्या. विटेवर कोळशानं आकडे मांडले. ऊन खरं तापतं ते शिमग्यापासून. तेव्हा दुपारचा सूर्य बहात्तर अंशांवर असतो, आणि पुढं वैशाखात तर थेट डोक्यावर येतो, मग दक्षिणेच्या भिंतीला ऊन शिवतही नाही. म्हणजे अडवायचा तो बहात्तर अंशांचा सूर्य. त्याचा टॅन तीनच्या जरासा वर. चार फुटांना भागलं, थोडं जास्तीचं धरलं, एक फूट चार इंच.

फक्त एक फूट चार इंच! मी दोनदा भागाकार केला. साडेतीन फूट आणि एक फूट चार इंच यांच्यातला सगळा फरक हिवाळ्याच्या उन्हाचा होता, आणि ते ऊन अडवायला मला कुणीच सांगितलं नव्हतं. सूर्य किती खाली येतो ते मी पुस्तकात बघितलं होतं. तो कुणाला हवा आहे, हे विचारायचं राहिलं होतं. मिस्त्रीनं फळी एक फूट चार इंचांवर ठेवली. बाजेवर दीडेक फूट रुंद ऊन स्वच्छ पडलं. दसऱ्यानंतर, उकाडा असतानाच, थोडं ऊन खिडकीच्या उंबऱ्याशी येणार होतं, तेवढं बाईंनी सोसायचं कबूल केलं. लुगड्यावरच्या उन्हात हात ठेवून त्या बाजेवर बसल्या.

लाल शाईचा कागद मी फाडला. वरच्या साहेबांनी विचारलं की छज्जा एवढा तोकडा का, सिमेंट खाल्लं काय? मी सगळा हिशेब लिहून दिला आणि खाली माझी सही ठोकली. ते कुरकुरले, पण मंजूर केलं.

पुढच्या पौषात मोजमापासाठी गेलो. दारातच बाईंनी थांबवलं, चपला काढायला लावल्या, हात धुवायला लावले. खाटेवर एक पोरगेली बाळंतीण झोपली होती. तिच्या पायाशी, त्या उन्हाच्या पट्ट्यात, कापसात गुंडाळलेलं काहीतरी मुठीएवढं. आठव्या महिन्यातच झालेलं, नऊ दिवसांचं. ऊन सरकेल तसं बाई गाठोडं सरकवत होत्या. सकाळपासून असंच चाललं होतं, रोज असंच चालायचं. डोळ्याला झोप नव्हती, पण चेहऱ्यावर कंटाळाही नव्हता. इतक्या मोठ्या मनाचं माणूस मी पुढं फार थोडं बघितलं.

माझ्या हातात टेप होती. ती बाईंनी काढून घेऊन खुंटीला अडकवली.

"मोजता काय साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "हात लावून बगा."

त्यांनी कापूस जरा बाजूला केला. करंगळीच्या पेराएवढं पाऊल बाहेर आलं. मी भीत भीत बोट टेकवलं. पाऊल गरम होतं.