भोकाच्या कडेला एकशे अठ्ठ्याऐंशी

आमची ताई एका जागी स्वस्थ बसली आहे असं दृश्य मी तरी जन्मात पाहिलेलं नाही. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, फोनवर बोलताना तर या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या. माझी बायको रोज म्हणते, "वन्सं, जेवताना तरी टेका हो जरा!" ताई टेकते आणि दोन घासांनी पुन्हा उठते, गॅस बंद केला का बघायला. गॅस बंदच असतो.

अशा बाईला कारखान्यानं काम दिलं तेही नेमकं तसंच. आमच्या डिझाइन ऑफिसात ती तपासनीस. दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंगं आणि मांडलेले हिशोब तपासायचे, चूक दिसली की लाल पेन्सिलीनं गोल करायचा, नाही दिसली की सही. सव्वीस वर्षं हेच. सगळे तिला शंकाताई म्हणतात. मीही म्हणतो, तिच्या पाठीमागे. मी त्याच कारखान्यात साचे विभागाचा फोरमन. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथं आहे.

सात महिन्यांपूर्वी माझ्या विभागात जड साचे उचलायला नवा होइस्ट बसला. त्याचा रूळ छताच्या तुळईला चार पोलादी पट्ट्यांनी टांगलेला. पट्टी शंभर मिलिमीटर रुंद, दहा जाड. होइस्टची केबल न्यायला प्रत्येक पट्टीत मधोमध वीस मिलिमीटरचं भोक हवं होतं. मी ताईच्या टेबलाशी जाऊन बसलो आणि तिचं डोकं खाल्लं. "एवढंसं भोक ते! त्याला काय चार दिवस लावतेस? माझी माणसं हात बांधून उभी आहेत." तिनं त्याच दुपारी स्वतः हिशोब केला, स्वतःच तपासला आणि सही केली. आम्ही भोकं पाडली.

गेल्या पंधरवड्यात एका मंगळवारी तिच्यापुढे एका नव्या इंजिनिअर मुलीचा हिशोब आला. तशीच पट्टी, तसंच भोक. ताईनं तिला झापायला सुरुवात केली. "अगं, पट्टी ताणली की भोकाच्या दोन्ही बाजूंना, अगदी कडेला, ताण चढतो. किती पट, ते हा गुणक सांगतो. पण तक्त्यातला हा गुणक भोक वजा करून उरलेल्या रुंदीसाठी आहे! आणि तू त्यानं गुणलंस कशाला? अख्ख्या पट्टीच्या ताणाला. अशानं..."

आणि ताईची पेन्सिल हवेतच थांबली. त्या मुलीनं नंतर मला सांगितलं, बाईंचा चेहरा कागदासारखा झाला, उठल्या आणि कपाट उघडून फायली उपसायला लागल्या.

दहा मिनिटांत ती माझ्या विभागात हजर. चष्मा डोक्यावर, हातात फाइल, धाप लागलेली.

"होइस्ट बंद कर."

"आता? साचा लटकतोय वर!"

"तो खाली घे आणि बंद कर. पट्ट्यांचा हिशोब चुकलाय."

"कुणी केला होता?"

"मी."

खरं सांगतो, मला आधी रागच आला. दिवसभराचं काम वाया! मी चारचौघांत तिच्यावर ओरडलो. तिनं ऐकून घेतलं, फाइल माझ्या टेबलावर उघडली आणि बोट ठेवून दाखवलं. पट्टीवर भार साठ हजार न्यूटन. अख्खी रुंदी धरली तर ताण दर चौरस मिलिमीटरला साठ. भोक वजा केलं तर उरते ऐंशीची रुंदी, मग ताण पंचाहत्तर. गुणक अडीच. "मी साठला अडीचनं गुणलं. आले दीडशे. सतत उचल-ठेव असेल तर आपली मर्यादा एकशे साठ, म्हणून सही केली. गुणायचं होतं पंचाहत्तरला. एकशे अठ्ठ्याऐंशी येतात."

"मग भोक लहान पाडलं असतं तर?"

"दहाचं पाडलं असतंस तरी एकशे एक्क्याऐंशी. भोक लहान झालं की रुंदी जास्त उरते, पण गुणक वर चढतो. एवढंसं भोक म्हणून सुटका नसते रे!"

मी साचा खाली घेतला आणि बटण दाबून होइस्ट बंद केला. रोज सहाजण त्या रुळाखाली वावरतात.

मॅनेजर आले. ते काही अडाणी नाहीत. म्हणाले, "बाई, हे पोलाद अडीचशेपर्यंत दम धरतं. एकशे अठ्ठ्याऐंशीला काही होत नाही."

"एकदा ओढलं तर नाही होत, साहेब. हे दिवसातून तीन-चारशे वेळा ओढलं जातं आणि सुटतं. चीर पडलीच तर ती तिथूनच सुरू होणार."

"मग बघूया, पडली आहे का."

चारही भोकांच्या कडांना लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पावडर फवारली. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पहिली पट्टी स्वच्छ. दुसरी स्वच्छ. ताई शिडीखाली येरझाऱ्या घालत होती, मधेच थांबून वर बघत होती, पुन्हा चालत होती. तिसरी स्वच्छ. चौथीही.

माणसं हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, "शंकाताई ती शंकाताईच!" मॅनेजर म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण! स्वतःची चूक गावभर सांगितलीत, आणि निघालं काय? काही नाही. करा चालू."

"नाही."

"बाई, ड्रॉइंगवर तुमची सही आहे."

ताईनं फाइल घेतली, लाल पेन्सिलीनं स्वतःच्याच सहीवर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं, 'तपासणाऱ्याची चूक', आणि तारीख घातली. "आता नाही," ती म्हणाली. तारखेतला आकडा तिनं दोनदा गिरवला.

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, तपासनिसाच्या सहीशिवाय मी भार उचलत नाही." सात महिन्यांपूर्वी त्याच सहीसाठी मी तिचं डोकं खाल्लं होतं!

होइस्ट तीन दिवस बंद राहिला. भोक नसलेल्या नव्या पट्ट्या बसल्या आणि केबल बाहेरून क्लॅम्पनं नेली. जुन्या पट्ट्या भंगारात गेल्या. त्या कधी तुटल्या असत्या की नसत्याच, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. एखादी तुटली असती आणि कुणी दगावलं असतं, तर ताईचं म्हणणं सगळ्यांना पटलं असतं. तुटली नाही, म्हणून तिच्या वाट्याला आला लेखी ठपका. विभागप्रमुखाची जागा तिला मिळणार हे ठरल्यातच जमा होतं, ती तिच्या हाताखालच्या माणसाला मिळाली. माझं डोकं भडकलं. घरी आल्यावर मी नको नको ते बोललो. कारखान्याला बोललो, साहेबांना बोललो.

ताई ओट्याशी उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, "तुला वाटतं का रे, मी उगाच केलं?"

"मी स्वतः रोज त्या पट्ट्यांखाली उभा असतो, ताई! आणि तू तिथं एकदाही तसं म्हणाली नाहीस. भावाचं नाव काढलं असतंस तर साहेब विरघळले असते."

"विरघळले असते," ती म्हणाली. "तुला दुसरीकडे हलवलं असतं, आणि होइस्ट चालू केला असता."

बायकोनं ताईचं ताट वाढलं. ताई बसली, आणि भाजी थोडी आणखी वाढ म्हणाली.