मोरपंखी फेट्याचा रंग

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत माझ्या स्टुडिओत फोटो काढायला आलेला कोणीही सांगेल. फोटोला कोणी नावं ठेवली की मी आधी भांडतो आणि मग फोटो बघतो. या स्वभावाने माझं नुकसानच जास्त केलं. तरी एका बाईंनी मला भांडायला जागाच ठेवली नाही आणि त्यामुळे मी माझं काम नव्याने शिकलो. त्यांचे उपकार मी विसरू शकत नाही.

त्या कोडोलीच्या. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. लग्नानंतर चार महिन्यांनी त्यांचे यजमान अचानक गेले. भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा म्हणून दिवसकार्य आटोपल्यावर त्या माझ्याकडे आल्या. लग्नातला एक फोटो फार चांगला आला होता. यजमान मांडवाच्या खांबाला टेकून उभे, डोक्याला मोरपंखी फेटा आणि चेहऱ्यावर मुलीच्या बापाचं ते अर्धं हसू. मी तोच निवडला, नेहमीच्या लॅबमधून मोठा करून आणला, फ्रेम केला आणि त्यांना बोलावलं.

त्यांनी फ्रेम हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि काउंटरवर ठेवून दिली.

"पावणं, ह्यो फेटा आमच्या मालकांचा न्हाय."

"मावशी, फोटो त्यांचाच आहे ना? मग फेटा कुणाचा असणार?"

"मालकांचा फेटा नवा कोरा हुता. ह्यो चार उन्हाळं धुऊन वाळवल्यागत दिसतोय."

मी उसळलोच. माझा नवा मॉनिटर त्यांच्याकडे वळवला आणि फाइल उघडून दाखवली. पडद्यावर फेटा झळाळत होता. "बघा, माझ्याकडे कसा आहे. कागदावर थोडंफार उतरतंच." त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "व्हय, ह्योच की! मग ह्योच द्या मला." आता यावर काय भांडणार?

मी 'करतो' म्हणालो आणि चुकीच्या मार्गाला लागलो. फोटोतले सगळे रंग सरसकट वाढवले, पुन्हा प्रिंट मागवली आणि त्यांना पुन्हा बोलावलं. फेटा जरा उठला होता, पण चेहरा लालबुंद झाला होता. बाईंनी एकदाच बघितलं.

"आता तर मालक दारू प्यायल्यागत दिसत्यात. जन्मात थेंब घेतला न्हाय त्यांनी."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. यावेळी त्या तयारीनेच आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी जुन्या धोतरात गुंडाळलेली एक घडी काढली. तोच फेटा. काउंटरवर प्रिंटशेजारी ठेवला आणि घरातलं काही सांगावं तसं सांगितलं. मालकांनी सगळं आयुष्य पांढरी टोपी घातली. रंगीत काही आणलं की ते म्हणायचे, हे पोरांनी घालावं. मुलीच्या लग्नाला मात्र बाईंनी हट्टाने दुकानात जाऊन हा रंग निवडला आणि मालकांनी एका शब्दानेही मोडता घातला नाही. "तीस वर्सात कापडाच्या बाबतीत माझं ह्ये एकदाच ऐकलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "आन तुमच्या फोटोत त्येवढंच गेलंय."

मी त्यांच्याकडून फेटा मागून घेतला. त्यांनी तो विश्वासाने दिला, याचंच मला आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेटा, दोन्ही प्रिंट आणि फाइल घेऊन मी लॅबवर गेलो, तो भांडायलाच. लॅब चालवणारे काका माझ्या वडिलांच्या वयाचे. फिल्म धुण्याच्या काळापासून रंगात हात घातलेला माणूस. मी आत शिरताच सुरू केलं की तुमचं मशीन बिघडलंय, कागद बदललाय, वर्षभर माझे सगळे अल्बम मळकट येतायत. काकांनी चहा सांगितला आणि माझी फाइल उघडायला घेतली. ती उघडायच्या आधीच म्हणाले, "ह्या नावाच्या आधी आडवी रेघ कशाला हाय रे?"

"कॅमेराच देतो तशी."

"कॅमेरा उगंच देत न्हाय. तू मेनूत काय बदललंस?"

आणि मला आठवलं. वर्षापूर्वी नवा कॅमेरा घेतला, तेव्हाच एका कार्यशाळेला गेलो होतो. तिथे कोणीतरी सांगितलं की कॅमेऱ्यात रंगांच्या दोन कक्षा असतात. एक एसआरजीबी, ती नेहमीची आणि अरुंद. दुसरी रुंद, तिच्यात हिरवे-निळे रंग कितीतरी जास्त मावतात. आता रुंद मिळत असताना अरुंद कोण घेईल? घरी येऊन मी मेनूत रुंद कक्षा निवडली आणि आपण आता मोठे फोटोग्राफर झालो असं समजून चाललो. रुंद कक्षा निवडली की माझा कॅमेरा फाइलच्या नावाआधी रेघ मारून तसं कळवतो, हे मला माहीतच नव्हतं. वर्षभर ती रेघ माझ्या डोळ्यांसमोर होती.

काकांनी मला समजावलं ते त्यांच्याच पद्धतीने. "फाइलमध्ये रंग नसतो, आकडं असत्यात. समज, रश्श्याच्या कृतीत लिवलंय, तिखट तीन चमचं. पण चमचा केवढा? तुझा कॅमेरा मोठ्या चमच्यानं मोजतोय आन फाइलला तशी चिठ्ठी पण लावतोय. माझं मशीन चिठ्ठी वाचत न्हाय. आलेली प्रत्येक फाइल एसआरजीबीच समजतं, म्हंजे लहान चमचा. तीन चमचं तिखट पडलं, पण रस्सा अळणीच."

"मग माझ्या मॉनिटरवर बरोबर का दिसतो?"

"मॉनिटर कसला घेतलास?"

तोही रुंदच घेतला होता, जास्त रंग दाखवणारा. आणि माझं फोटो बघायचं सॉफ्टवेअरही चिठ्ठी न वाचणारं. आकडे थेट मॉनिटरवर जात होते आणि मॉनिटरचा चमचा योगायोगाने मोठा होता. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या, म्हणून अख्ख्या कोल्हापुरात फक्त माझ्या टेबलावर तो फेटा मोरपंखी होता. आणि मी लोकांना छातीठोकपणे सांगत होतो, माझ्याकडे बघा कसा आहे.

काकांनी मग भिंतीकडे बोट केलं. तिथे मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला होता, 'फाइल फक्त एसआरजीबीमध्येच द्यावी'. कडा पिवळ्या पडाव्यात इतका जुना. त्याच्याखालच्या बाकावर बसून मी शेकडो वेळा चहा प्यायलो असेन.

ते मला हाकलून देऊ शकले असते. मी तसंच केलं असतं. त्यांनी मात्र उरलेली सकाळ माझ्यासाठी घालवली, फुकट आणि न चिडता. आधी मी वाढवलेले रंग टाकून मूळ फाइल घेतली. चिठ्ठी फाडून नुसती नवी लावायची नाही, हे पहिल्यांदा शिकवलं. तसं केलं तर आकडे तसेच राहतात आणि रंग बिघडलेलाच राहतो. रूपांतर करायचं, म्हणजे रंग तोच ठेवून लहान चमच्याच्या हिशोबाने आकडे बदलायचे. तसं केल्यावर चेहरा लगेच माणसाचा झाला आणि फेटाही जागेवर आला. पण फेट्याच्या सगळ्यात चमकदार पट्ट्यातल्या चुण्या दिसेनाशा झाल्या. तो रंग लहान कक्षेत मावतच नव्हता. जेवढा बाहेर होता तेवढा सगळा काठाशी आणून एकसारखा केला गेला होता.

"मग आता?"

"आता थोडा हट्ट सोडायचा," काका म्हणाले. त्यांनी तेवढ्याच भागाची झळाळी हलक्या हाताने उतरवली, तशा चुण्या परत दिसायला लागल्या. मग त्यांच्या कागदावर नक्की काय उतरेल हे पडद्यावर आधी बघून घेतलं. प्रिंट बाहेर आल्यावर मी ती फेट्याशेजारी धरली आणि खट्टू झालो. आधीच्या दोन्हींपेक्षा कितीतरी जवळ होती, तरी पडद्यासारखी झळाळत नव्हती. काका म्हणाले, पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागद खोलीतला उजेड उसना घेतो. मग प्रिंट आणि फेटा दोन्ही घेऊन ते मला दारात घेऊन आले. उन्हात दोघांचं पुष्कळ जमलं. पुन्हा आत ट्यूबलाइटखाली फेटा जरा निळा झाला आणि कागद झाला नाही. "कापड आन कागद हरेक उजेडात सारखं न्हाय दिसायचं. फोटो कुठं लावायचा, ते बघून लाव."

त्या माणसाचे पाय धरावेत असं वाटलं. धरले नाहीत, कारण ते रागावले असते. त्या आठवड्यात मी कॅमेरा एसआरजीबीवर आणला आणि पुढे त्या वर्षातले मळकट अल्बम एकेक करून परत छापून दिले. बऱ्याच जणांना फरक काय ते कळलंच नाही, पण मला कळत होता.

फोटो घेऊन मी स्वतः कोडोलीला गेलो. बाईंना आधीच सांगितलं, "मावशी, हा अगदी तसाच नाही. कागदाला जेवढं जमतं तेवढा आहे." भिंतीवर खिळा आधीच ठोकलेला होता, ट्यूबच्या खाली. मी फोटो तिथे धरला, मग बाहेरच्या सोप्यात दाराच्या उजेडात धरला आणि विचारलं, इथे चालेल का? त्यांनी ट्यूब बंद केली, दाराचं दुसरं कवाडही उघडलं आणि मागे सरकून बघितलं. फेट्याची घडी त्यांच्या हातात होती, पण त्यांनी ती उलगडली नाही.

मी तिथे नवा खिळा ठोकून फोटो लावला. मग मीच विचारलं, "पुन्हा करून आणू का?"

"न्हाय," त्या म्हणाल्या. मग सांगितलं. लग्नादिवशी फेटा बांधून मालक मुद्दाम मुदपाकखान्याच्या दारात आले होते, कसा दिसतोय विचारायला. बाई पंगतीच्या गडबडीत होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, 'फोटोत बघीन.' पुढे अल्बम आला तो मुलीबरोबर तिच्या सासरी गेला. त्याआधी जो एकदा चाळला, त्यात त्यांनी मुलीशिवाय कुणाकडे बघितलंच नव्हतं.

एवढं बोलून त्या फोटोच्या आणखी जवळ गेल्या आणि पदराने काच पुसली, जरी ती स्वच्छच होती.

"झ्याक दिसताय की," त्या म्हणाल्या. मला नाही, त्यांना.