साहेबांनी खाल्लेला पुरावा

लग्न होऊन वर्ष होत आलं होतं आणि बायको माझी सुदुंबऱ्यात, मी लोणावळ्यात! ती माझ्या आईजवळ, मी भाताच्या गिरणीतल्या तिघा गड्यांबरोबर एका खोलीत, रोज रात्री त्यांचं घोरणं ऐकत. महिन्यातून एकदा गावी जायचो तेव्हा आईसमोर बायकोशी धड बोलताही यायचं नाही. ती पाण्याचा तांब्या ठेवायची, मी "हं" म्हणायचो, झाला आमचा संसार. वेगळी खोली भाड्यानं घ्यायची तर माझ्या पंचवीस रुपयांत बसत नव्हती. आठ रुपये वाढले असते तर बसली असती. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे दिवस ते, आठ रुपयांत तेव्हा एक बायको घरी आणता येत होती!

मी गिरणीच्या काट्यावर कारकून. मावळातले शेतकरी गाड्या भरून भात आणायचे, मी वजन करून पावती फाडायची. हेडक्लार्ककडे पगारवाढीच्या अर्जाचा एक ठरलेला नमुना होता. तो त्यांनी मोठ्या प्रेमानं मला उतरवून दिला: आपण मायबाप, मी गरीब, माथ्यावर कुटुंबाचा भार, आपल्या लेकरांना उदंड आयुष्य लाभो. मॅनेजरसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी तो परत धाडला. मागे लिहिलं होतं, "माझ्या लेकरांची काळजी करू नये. गिरणीसाठी काय केलंत ते लिहा आणि दाखवा."

आधी मी हिरमुसलो आणि मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. अरे, केलं होतं की मी! कार्ल्याकडचं भात ओलसर यायचं आणि आल्या आल्या गिरणीत पडायचं. ओलं भात भरडलं की तांदूळ मोडतो, निम्मी कणी होते, आणि मुंबईचे व्यापारी प्रत्येक पोत्यामागे बट्टा कापून घेतात. मी शेतकऱ्याचा पोर. काट्यावर आलेल्या प्रत्येक गाडीतला दाणा सोलून दाताखाली धरायचो. मऊ दबला तर ओला, कट्ट वाजला तर तयार. या हंगामापासून ओलं भात मी बाजूला काढून शेडात पसरायला लावत होतो. कडक उन्हात नाही, उन्हानंही दाणा तडकतो. सावलीत, फावड्यानं वरखाली करत. हे कुणी मला सांगितलं नव्हतं, माझं ते कामही नव्हतं, मला ती मोडकी कणी बघवत नव्हती एवढंच.

मग काय, लेखणी अशी धावली म्हणता! व्यापाऱ्यांच्या आधीच्या पत्रांतून बट्ट्याच्या ओळी उतरवून काढल्या, त्यांच्यासमोर या हंगामातल्या ओळी मांडल्या, बट्टा निम्म्याहून खाली आलेला. वजनाचं काम सांभाळून हे जादा काम करतो, तरी पगार आठ रुपयांनी वाढवावा, असं सरळ लिहिलं. आणि वर पुरावा म्हणून दोन पुड्या जोडल्या. एकाच शेतकऱ्याचं, एकाच दिवशी आलेलं आंबेमोहर. एका पुडीत वाळवून भरडलेला तांदूळ, दुसरीत तसाच ओला भरडलेला. दोन्ही पुड्या चांगल्या शेरशेरभराच्या, साहेबांना कमी पडायला नकोत! अर्जाला सुतळीनं बांधून शिपायाच्या हातात दिलं आणि मी काट्यावर जाऊन शीळ घालत बसलो.

आता इथं माशी शिंकली. आमच्या मावळात नवा तांदूळ निघाला की साहेबाघरी वानोळा द्यायची रीत. शिपाईही मावळातलाच. त्यानं सुतळी सोडली, अर्ज साहेबांच्या मेजावर ठेवला, आणि दोन्ही पुड्या नेऊन दिल्या बंगल्यावर, बाईसाहेबांच्या हातात!

साहेब दोन दिवस मुंबईला गेलेले. अर्ज मेजावर पडून. तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब तडक काट्यावर आले. चेहरा असा की मला वाटलं, गेली नोकरी.

"बंगल्यावर तांदूळ तू पाठवलास?"

"हो साहेब. म्हणजे नाही साहेब."

"काल रात्री पहिला खाल्ला. शीत न् शीत मोकळं, घरभर वास. आज पुण्याहून व्याही आले म्हणून हिनं मुद्दाम तुझी दुसरी पुडी काढली. लगदा झाला, लगदा! व्याह्यांनी विचारलं, कुणी आजारी आहे का घरात? ही काय चेष्टा लावलीयस?"

"साहेब," मी कसाबसा म्हणालो, "तो माझा पुरावा होता."

मी कचेरीत पळालो, अर्ज आणला आणि त्यांच्या हातात दिला. काट्याला टेकून त्यांनी उभ्या उभ्या वाचला. बट्ट्याच्या ओळींवरून बोट फिरवलं. "सोबत दोन नमुने जोडले आहेत" इथं आले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते असे हसले, असे हसले की गाडीचे बैल बुजले. शिपाई लांबून बघत होता, बिचाऱ्याला वाटलं, वानोळा साहेबांना लय आवडला.

"पण वाढ माझ्या हातात नाही रे," डोळे पुसत साहेब म्हणाले. "मंजुरी मुंबईच्या शेठजींची. त्यांना काय दाखवू? पुरावा तर माझ्या व्याह्यांच्या पोटात गेला."

तर पुन्हा दोन पुड्या केल्या. या खेपेला साहेब स्वतः शेडात आले, स्वतः दाणा चावला, आणि कट्ट वाजल्यावर पोरासारखे खूष झाले. अर्जावर शिफारस लिहिली आणि खाली पुस्ती जोडली, "नमुने नुसते पाहू नयेत. शिजवावेत."

आठवड्यानं उत्तर आलं. वाढ मंजूर! शेठजींनी शिजवले होते की नाही ते देवाला ठाऊक. मी हेडक्लार्कना मिठीच मारली, ते म्हणाले, "अरे, शाई सांडेल!" शनिवारी काम सुटल्यावर तळेगावपर्यंत गाडीनं आणि पुढं चालत. चालत कसला, नाचत. वाटेत एका म्हशीलाही सांगितलं.

आई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली. आत चुलीपाशी बांगड्या वाजल्या. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "आई, पगार वाढला! आठ रुपये!"

"बरं झालं की," आई म्हणाली. "मंग?"

मंग? साहेबांना पानभर लिहिलं, बट्टा लिहिला, कणी लिहिली, मुंबईच्या शेठपर्यंत पोचलो. आणि आईला, बायको घेऊन जातो, हे तीन शब्द सांगता येईनात. आईला तरी माझ्याशिवाय कोण होतं? सून गेली की तिला घर खायला उठणार हे मला दिसत होतं. मी म्हणालो, "लोणावळ्यात... खोल्या... आता थंडी फार आहे तिकडं."

आई सुपातला तांदूळ पाखडत राहिली. आतला बांगड्यांचा आवाज दाराशी आला.

"आरं, मी काय तुझी साहेब हाय व्हय, माझ्याम्होरं अर्ज करायला?" आई म्हणाली. "तिचं गाठोडं दिवाळीलाच बांधून ठेवलंय म्या. तू इचारशील म्हनून वाट बघत व्हते, तर तू येतोस तवा नुसताच हं हं करतोस." मग सूप खाली ठेवून तिनं पदरानं डोळे टिपले आणि आत हाक मारली, "आगं ये, भायेर ये. आला एकदाचा तुझा."