दाबून धरलेली शिंक

आमच्या घरात शिंकेचा लई धाक. सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांतून कुणी बाहेर निघालं आणि कुणी शिंकलं, की झालं! निघालेल्यानं परत आत यायचं, पाटावर बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मगच उंबरा ओलांडायचा. आणि शिंकणारी कोण? कायम मीच. माझं नाक जन्मापासून असं, धूळ दिसली की सुरू. एकदा आत्याला बघायला आलेले पाहुणे निघताना मी शिंकले, आणि तिकडून नकार आला. झालं, घरभर माझं नाव 'शिंकरी'. तेव्हापासून कुणी निघायच्या तयारीत असलं की आई मागून येऊन माझं नाक चिमटीत धरायची. पुढं पुढं मी स्वतःच धरायला शिकले. डोळे गच्च मिटायचे, नाक दाबायचं, शिंक आत जिरवायची. अजूनही हात आपोआप जातो.

असल्या पोरीला नोकरी कसली मिळावी? शिंका मोजायची!

खरंच सांगते. बोट्स्वानात, पाण्या-गवताच्या रानात, आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांमागं मी तीन वर्षं फिरले. आपल्याकडचे तांबडे कोळसून नव्हेत. हे काळे-पिवळे-पांढरे ठिपकेवाले, गोल कानांचे. प्रत्येकाचे ठिपके वेगळे, त्यावरून आम्ही ओळखायचो. दिवसभर सावलीला पडून असतात. उन्हं कलली की एखादं उठतं, बाकीच्यांना ढोसतं, सगळे एकमेकांभोवती नाचतात, चाटतात. आणि मध्येच नाकातून फुस्स करून शिंकतात. शिंका पुरेशा झाल्या तर कळप शिकारीला निघतो, कमी पडल्या तर पुन्हा आडवा होतो. त्यातही मानपान आहे. कळपाच्या मुख्य नर-मादीपैकी कुणी सुरुवात केली असेल तर तीनेक शिंकांत काम होतं. खालच्या दर्जाच्यानं उठवलं असेल तर दहाएक लागतात. ते खरंच ठरवून शिंकतात का, हे अजून कुणी छातीठोक सांगत नाही. पण आमच्या वहीत दोन गोष्टी आल्याच पाहिजेत: पहिलं कोण उठलं, आणि शिंका किती.

त्या दिवशी कळपातल्या एका तरण्या मादीच्या गळ्यात तारेचा फास दिसला. हरणांसाठी कुणीतरी लावलेला. तार कातडीत रुतलेली, मान सुजलेली. मी जनावरांच्या डॉक्टरला रेडिओवर बोलावलं. त्यांनी गाडीतूनच बेशुद्धीचं इंजेक्शन मारायचं, तार कापायची, एवढंच काम. पण कळप जागेवर हवा. पलीकडं पुराचं पाणी होतं, ते ओलांडून गेले की आमच्या गाड्या तिकडं जात नाहीत.

आणि आमची गाडी काठाच्या काळ्या चिखलात रुतली. पार आसापर्यंत! खाली उतरून खणावं तर माणूस पायी दिसल्यावर कुत्री पळणार. मग बसा आतच. चार तास. काच खाली करावी तर माश्या, वर करावी तर भट्टी. पाय आखडले, पाणी प्यायची भीती, कारण उतरून जायची सोय नाही. वाट काढणारा माझा जोडीदार तिथलाच, वयानं वडलांएवढा. तिथं बाईला आदरानं 'म्मा' म्हणतात. तो म्हणाला, "म्मा, सारखी चुळबूळ करू नकोस." मी त्याच्यावर खेकसले. त्याचा काय दोष? मला नुसतं दार उघडून पळत सुटावंसं वाटत होतं.

ऊन कललं. एक वर्षाचं पोरगेलं कुत्रं उठलं, दोन शिंका झाल्या, सगळे परत लोळले. मी सुटकेचा श्वास टाकला.

मग रेडिओ खरखरला. डॉक्टर फाट्यावर आले होते. "पाण्याकाठची वाट घेऊ? वीस मिनिटांत येतो, पण रुतायची भीती आहे. लांबची कोरडी घेतली तर तास लागेल. वेळ आहे का?"

नेमकी त्याच वेळी माझ्या नाकात धूळ गेली. समोर कळपात हालचाल सुरू झालेली, कुणीतरी निघायच्या तयारीत, आणि माझा हात नाकावर गेला. डोळे मिटले, चिमूट घट्ट, शिंक जिरवली. डोळे उघडले तेव्हा सगळे उभे होते. पुढं तेच पोरगेलं नाचत होतं. मी मोजलं. एक. दोन. तीन. बस्स. याला दहा लागतात, तीननं काय होतंय!

"वेळ आहे," मी म्हणाले. "लांबून या."

जोडीदार आमच्या चाकाकडं वाकून बघत होता, त्यानं मान वर केली आणि विचारलं, "म्मा, पहिलं कोण उठलं?"

मी वहीत बघितलं, ती जागा कोरीच. मला माहीतच नव्हतं.

तोवर मुख्य मादी पाण्याच्या दिशेनं निघालीसुद्धा. मागोमाग सगळे. एकामागं एक पाण्यात उतरले, पार झाले. फासवाली मात्र काठाशी थबकली. पाण्यात पाय घालायची, काढायची, कण्हायची. मी रेडिओवर ओरडत होते, "मागं फिरा, काठानं या!" उत्तर नाही. डॉक्टर सखल भागात उतरले असणार, तिथं रेडिओ लागत नाही. ती काठाशी उभी, आम्ही चिखलात, मध्ये शंभर पावलं. मी घड्याळ बघत होते. पंचवीस मिनिटं उभी होती ती. पंचवीस! काठानं आले असते तर पोचले असते की हो डॉक्टर. मी रडत होते, स्वतःला शिव्या घालत होते, सोलापुरी, अस्सल. मग पलीकडून कळपानं हू-हू करून हाक दिली, आणि ती पाण्यात उतरली.

आठ दिवसांनी कळप पुन्हा दिसला. दहाच होते. अकरावी, फासवाली, नव्हती.

गाडीच्या टपावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मी नंतर पाहिलं. पहिली उठली होती मुख्य मादीच. पहिली शिंक मुख्य नराची, दुसरी एका म्हाताऱ्या नराची. तिसरी त्या फासवालीची.

सुट्टीला सोलापूरला आले तेव्हा आईला सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. हात थांबला तिचा.

"गळ्यात तार आसताना शिंकली व्हय गं ती?"

"हो. भूक लागली असेल."

 परवा परत निघाले, रिक्षा दारात उभी, उंबऱ्यात पाय, आणि नाकात सुरू झालं. सवयीनं हात वर गेला. आईनं पुढं होऊन माझं मनगट धरलं आणि खाली ओढलं.

"शिंक," ती म्हणाली. "डोळं उघडं ठिव, आन् शिंक."

डोळे काही उघडे राहिले नाहीत, पण शिंकले मी, मोठ्यांदा. पाट कुणी मांडला नाही. आईनं माझी पिशवी उचलून रिक्षात ठेवली.